मोकळा तास जातो कुठे?

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत एक प्रश्न दर वर्षी निघतो. वेळापत्रकाचा मोठा तक्ता टेबलावर पसरलेला असतो. कुणीतरी चष्मा वर करून बोट ठेवतो आणि म्हणतो, "आठवड्याला पंचेचाळीस तास, सर घेतात तीस. मग उरलेल्या पंधरात काय करतात?" मुख्याध्यापक काहीतरी पुटपुटतात, वह्या, तपासणी, ऑनलाइन कामं. पण हाताशी आकडा नसतो. मग ठराव होतो की सगळ्यांना समान तासिका द्या. वरकरणी हा न्याय वाटतो. प्रत्यक्षात असा ठराव शाळेची घडी जितकी विस्कटतो, तितकं फार थोड्या गोष्टी विस्कटतात.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला कार्यभाराचा अहवाल लागतो. पुष्कळ शाळांत हा अहवाल म्हणजे नाव, विषय, वर्ग आणि तासिका अशा चार रकान्यांचं कोष्टक असतं. तो कार्यभार नव्हे, वेळापत्रकाचीच दुसरी प्रत. खरा अहवाल कसा करतात, हे एका शाळेच्या उदाहरणावरून पाहू. आकडे समजावण्यासाठी जुळवलेले आहेत, पण पाचवी ते दहावीच्या कुठल्याही अनुदानित मराठी शाळेत साधारण असंच चित्र दिसेल.

शाळेत पाचवी ते दहावी प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे बारा. प्रत्येक तुकडीत ५५ मुलं. सोमवार ते शुक्रवार आठ तास आणि शनिवारी सकाळी पाच, असे आठवड्याला ४५ तास. एक तास ३५ मिनिटांचा. बारा गुणिले पंचेचाळीस म्हणजे ५४० तासिका. मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांचे थोडे तास सोयीसाठी बाजूला ठेवले, तर अठरा शिक्षकांच्या वाट्याला सरासरी तीस येतात.

अहवालाची पहिली चाचणी इथेच होते. प्रत्येक शिक्षकाच्या तासिकांची बेरीज ५४० यायला हवी. आली नाही, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा कारण आठवी ते दहावीच्या भाषांत दडलेलं असतं. एकाच तुकडीतली काही मुलं हिंदीला बसतात आणि काही संस्कृतला, म्हणजे एका तासाला दोन शिक्षक लागतात आणि बेरीज चढते. दोन्ही तुकड्यांचे हिंदीवाले एका वर्गात आणि संस्कृतवाले दुसऱ्या वर्गात बसवले, तर ती चढत नाही. कारण सापडलं की त्याची एका ओळीत नोंद करायची. ती नोंद नसली, तर बैठकीत कुणीतरी बेरीज करून पाहतो आणि पूर्ण अहवालावरचाच विश्वास उडतो.

आता या शाळेतल्या तीन शिक्षकांकडे पाहू. नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईंचे तास २८. गणित-विज्ञानाच्या सरांचे ३१. खेळाच्या सरांचे ३३, कारण ते सगळ्या तुकड्यांना जातात आणि शिवाय कार्यानुभवाचे काही तास त्यांच्याकडे आहेत. तासिकांच्या तक्त्याप्रमाणे सर्वांत जास्त ओझं खेळाच्या सरांवर आणि सर्वांत कमी बाईंवर. समान वाटपाचा ठराव झाला, तर खेळाच्या सरांचे तास कमी होतील आणि बाईंचे वाढतील.

तासिका बाजूला ठेवून सगळं मिनिटांत मांडलं की चित्र पालटतं. बाईंचे २८ तास म्हणजे १६ तास २० मिनिटं. चार तुकड्या असल्या तरी पाठ दोनच इयत्तांचे, म्हणून तयारी आठवड्यात बारा वेगवेगळ्या पाठांची. पाठाला वीस मिनिटं धरली, तर चार तास होतात. वर्गशिक्षक म्हणून हजेरी, पालकांचे फोन, दाखल्यांची चौकशी यांत तीन तास जातात. बदली तास चार, म्हणजे २ तास २० मिनिटं. स्नेहसंमेलन आणि हस्तलिखिताच्या समितीला दोन तास.

वह्या अजून बाकी आहेत. चार तुकड्यांच्या २२० निबंधवह्या. पंधरवड्याला एक निबंध आणि एका निबंधाला चार मिनिटं. चार मिनिटांत ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं, परिच्छेद तुटलेत का ते पाहायचं, शेवटी एक वाक्याचा शेरा लिहायचा. दहावीच्या मुलाच्या दीड पानाला याहून कमी वेळ दिला, तर ती तपासणी नसते, फक्त लाल टिकमार्क असतो. २२० गुणिले ४ म्हणजे पंधरवड्याला ८८० मिनिटं, आठवड्याला ७ तास २० मिनिटं. बाईंची एकूण बेरीज ३५ तास.

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. ४५ मधून २८ वजा केले की बाईंकडे १७ मोकळे तास राहतात. त्यातले चार बदलीत गेले. उरलेले तेरा म्हणजे ७ तास ३५ मिनिटं. पण तयारी, वह्या, वर्गाचं काम आणि समिती मिळून हवेत १६ तास २० मिनिटं. फरक पावणेनऊ तासांचा. तो मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर आणि रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा ठेवून भरून निघतो. मोकळ्या तासाचा हिशेब हा असा आहे. तो कुणी विचारला की दाखवता यायला हवा.

गणित-विज्ञानाच्या सरांचे ३१ तास म्हणजे १८ तास ५ मिनिटं. त्यांचे वेगवेगळे पाठ बावीस, कारण गणित आणि विज्ञान दोन्ही विषय आणि प्रयोगाची मांडामांड. म्हणून तयारीला ७ तास २० मिनिटं. वह्या आणि चाचण्या चार तास, बदली तीन म्हणजे पावणेदोन तास, वर्गशिक्षकाचे तीन. इथवर ३४ तास १० मिनिटं झाली. पण सरांना संगणक चांगला येतो, आणि शाळेत हा गुण अंगाशी येतो. यू-डायसची माहिती, विद्यार्थी पोर्टलवर आधार जुळवणं, शिष्यवृत्तीचे आणि एनएमएमएसचे अर्ज, संस्थेला हवे असलेले तक्ते, हे सगळं त्यांच्याकडे. ऑक्टोबरच्या आठवड्यात ते सात तासांवर गेलं. वर ते मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ आहेत. यादीच्या पुनरीक्षणात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मिळून पाच तास घरोघर फिरणं. एकूण ४६ तास १० मिनिटं.

खेळाच्या सरांचे ३३ तास म्हणजे सव्वाएकोणीस. तयारीला दोन, बदलीचे सहा म्हणजे साडेतीन, संध्याकाळी मैदानावर संघांच्या सरावाला चार. बेरीज २८ तास ४५ मिनिटं. तासिकांत सर्वांत वर असलेला माणूस वेळेत सर्वांत खाली आला.

इथे घाई करू नये. खेळाच्या सरांना काम कमी आहे असा निष्कर्ष काढणं, बाई मोकळ्या असतात असं म्हणण्याइतकंच चूक आहे. तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या दिवसांत हेच सर पहाटे मुलांना घेऊन निघतात आणि रात्री एकेकाला घरी पोचवून परततात. म्हणून एका आठवड्याच्या मोजणीवर अहवाल करायचाच नाही. निदान तीन आठवडे हवेत, जुलैमधला एक साधा, ऑक्टोबरमधला एक गर्दीचा आणि जानेवारीतला एक. शाळेच्या वर्षाला चढउतार असतात. जूनमध्ये प्रवेश, तीस सप्टेंबरच्या पटाभोवती माहितीची धावपळ, मग सहामाही आणि मतदार यादी, हिवाळ्यात स्पर्धा नि संमेलन, त्यामागोमाग शिष्यवृत्ती आणि बोर्ड. वरचे आकडे ऑक्टोबरच्या आठवड्याचे आहेत, हे कोष्टकाच्या डोक्यावर लिहिलंच पाहिजे.

माहिती गोळा करताना शिक्षकांना "आठवड्याला किती वेळ लागतो?" असं विचारायचं नाही. आठवणीतला आकडा फुगतो किंवा संकोचाने आकसतो. त्याऐवजी रोज संध्याकाळी भरायची एक चिठ्ठी द्यावी, तीत काम आणि मिनिटं एवढंच. ती ताडून पाहायची साधनं कार्यालयातच असतात. वेळापत्रक, मस्टर, आवक-जावक नोंदवहीतले आदेश आणि बदली तासांची वही. अठरा चिठ्ठ्यांतल्या बदली तासांची बेरीज वहीशी जुळली, तर बाकीच्या आकड्यांवरही बराच भरवसा ठेवता येतो.

या चारांत बदली तासांची वही सर्वांत बोलकी आणि सर्वांत दुर्लक्षित. रोज सकाळी पर्यवेक्षक तीत कुणाच्या जागी कोण ते लिहितात, वर्ष संपलं की ती कपाटात जाते. अहवालासाठी तीत एक रकाना वाढवायचा: मूळ शिक्षक का नव्हते? आपल्या शाळेच्या त्या आठवड्यात ५४ बदली तास निघाले. त्यातले १९ रजेमुळे. ८ शाळेनेच विज्ञान प्रदर्शन आणि वक्तृत्व स्पर्धेला पाठवल्यामुळे. उरलेले २७ आदेशांमुळे, म्हणजे निवडणुकीचं प्रशिक्षण, तालुक्याची बैठक, माहिती घेऊन समक्ष हजर राहण्याचा निरोप. शिक्षक रजा फार घेतात, ही संस्थेत रुळलेली समजूत या एका रकान्याने ढासळते. शिवाय एकाला लागलेलं अशैक्षणिक काम त्याच्यापाशी थांबत नाही. त्याचा वर्ग दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याचा मोकळा तास जातो, वह्या घरी जातात. आणि ज्या वर्गात बदली तास होतो, तिथे बहुधा फक्त शांतता राखली जाते.

शिफारशी लिहायला बसण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहून घ्यावं, म्हणजे अशक्य गोष्टी मागितल्या जात नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायला मनाई करतं, पण तीन अपवाद ठेवून: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या आठवड्याला तयारीसह किमान ४५ तास धरले आहेत. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी तो आकडा बंधनकारक नाही, तुलनेची पट्टी म्हणून मात्र चालतो. गणिताचे सर त्या पट्टीच्या वर गेलेत, आणि जास्तीचे तास शिकवण्यामुळे चढलेले नाहीत, हे त्यातून दिसतं. निवडणुकीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सांगितलं की मतदार यादीसारखी कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नयेत. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही शिक्षकांकडच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. तरीही बीएलओची नेमणूक संस्थेला रद्द करता येत नाही. अहवालात ते काम 'आपल्या हाताबाहेरचं' म्हणून वेगळं दाखवावं. मुख्याध्यापकांनी प्रशिक्षण आणि बैठका शाळेच्या वेळेबाहेर ठेवण्याची लेखी विनंती निकालाचा संदर्भ देऊन करावी, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक अहवालात घालावा.

संस्थेच्या हातात असलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे ऑनलाइन नोंदी. लिपिक एकच, कधी तेही पद रिक्त, म्हणून ही कामं शिक्षकांवर घसरली. सरांचे सात आणि बाकीच्या वर्गशिक्षकांचे मिळून आठ, असे पंधरा तास आठवड्याला लागतात. संस्थेने स्वतःच्या निधीतून मानधनावर एक माणूस रोज तीन तास, आठवड्यात पाच दिवस बसवला, तर ते भागतं. मात्र नोंदी खऱ्या की खोट्या ही जबाबदारी त्या माणसाकडे जात नाही. लॉगिन मुख्याध्यापकांचंच राहणार. आधारवर 'सुरज' आणि दाखल्यावर 'सूरज' असेल, तर पालकांना बोलावण्याचं काम वर्गशिक्षकच करू शकतात. फरक एवढाच की त्यांच्या हातात पन्नास मुलांचा तक्ता न येता अडलेल्या चार नावांची चिठ्ठी येईल. म्हणून सरांचे सातही तास वाचतील असं लिहू नये. दीड तास त्यांच्याकडे राहील, साडेपाच वाचतील.

बदली तासांना मर्यादा घालता येते. वह्यांचा भार मोठा असलेल्यांना आठवड्याला दोनच, ऑनलाइन कामाच्या हंगामात सरांना एकच. असे वाचलेले चार तास मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांनी दोन-दोन घ्यावेत. काही मुख्याध्यापकांना ही शिफारस आवडत नाही. पण ज्याला बदली तास स्वतः घ्यावा लागतो, तो पुढच्या आदेशावर लगेच पत्र लिहितो, असं माझं निरीक्षण आहे.

निबंधांची गोष्ट शैक्षणिक आहे, म्हणून ती विषयाच्या शिक्षकांनीच ठरवावी. एका पंधरवड्यात निम्म्या मुलांचे निबंध नीट तपासायचे आणि उरलेल्यांवर एक मिनिटाची नजर, पुढच्या वेळी उलट. तेव्हा ११० वह्यांना चार आणि ११० वह्यांना एक मिनिट, म्हणजे पंधरवड्याला ५५० मिनिटं आणि आठवड्याला ४ तास ३५. मुलाला महिन्यातून एकदा तरी अर्थपूर्ण शेरा मिळतो. 'प्रत्येक वही, प्रत्येक पान' असा दंडक तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या धाकाने चालू असेल, तर संस्थेने या नव्या पद्धतीला लेखी मान्यता द्यावी. नाहीतर बाई घाबरून जुन्याच पद्धतीवर जातील.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो, तेव्हा या शाळेत पाचवी ते आठवी. रोजची लाभार्थी संख्या आणि धान्याची नोंद पाचवीच्या वर्गशिक्षिका करतात. ती खेळाच्या सरांकडे द्यावी, आठवड्याला दोन तास लागतील. स्पर्धांच्या महिन्यात ती पुन्हा बाईंकडे येईल, हेही लिहून ठेवावं. न लिहिलेला अपवाद पुढे भांडणाचं मूळ होतो.

आता पुन्हा बेरीज. गणिताच्या सरांचे ४६:१० मधून ऑनलाइनचे साडेपाच आणि दोन बदली तासांचे १ तास १० मिनिटं वजा केले की राहतात ३९:३०. मराठीच्या बाईंच्या ३५ मधून १:१० आणि २:४५ गेले की ३१:०५. खेळाचे सर ३०:४५ वर. तासिका मात्र २८, ३१ आणि ३३ याच राहिल्या, एकही हलली नाही. समान वाटपाचा ठराव झाला असता आणि बाईंकडे आणखी एक तुकडी, म्हणजे सहा तास आले असते, तर साडेतीन तासांचं शिकवणं तर वाढलंच असतं, शिवाय ५५ नव्या वह्या, म्हणजे जुन्या पद्धतीने आठवड्याला ११० मिनिटं. ३५ वरून त्या ४० च्या पुढे गेल्या असत्या, आणि बहुधा निबंध देणंच बंद झालं असतं.

मिनिटांनाही मर्यादा आहेत. सलग चार तास उभं राहून शिकवणं आणि मध्ये एकेक तास मोकळा असणं यांची बेरीज सारखीच येते, थकवा सारखा नसतो. म्हणून कोष्टकाखाली प्रत्येकाचा सर्वांत वाईट दिवस लिहावा. मंगळवारी आठपैकी सात तास, सलग पाच, आणि उरलेल्यात बदली, असं कुणाचं असेल तर ते वेळापत्रक बनवणाऱ्याला दुरुस्त करता येतं, त्याला पैसा लागत नाही.

शिक्षक या अहवालाला बिचकतात, त्याचं कारण बैठकीत कुणी उघड बोलत नाही. कमी तास दिसले की आपण अतिरिक्त ठरू, अशी भीती असते. अतिरिक्त कोण हे संच मान्यतेत विद्यार्थ्यांचा पट आणि मंजूर पदं यांवरून ठरतं, शाळेच्या अंतर्गत अहवालावरून नाही. हे मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या वाटण्याआधीच सांगावं, आणि आकडे संस्थेकडे जाण्याआधी शिक्षक सभेत ठेवावेत. नावं लिहिण्याऐवजी विषय लिहिले तरी चालतात. छोट्या शाळेत ते ओळखू येतातच, पण भाषा निवळते.

अहवाल संस्थेकडे दोन पानांत जावा, कोष्टकं मागे जोडलेली. पहिल्या पानावर तीनच गोष्टी असाव्यात: संस्थेने काय करायचं आणि त्याला किती खर्च, मुख्याध्यापकांनी काय करायचं, आणि कुठली कामं दोघांच्या हातात नाहीत. दुसऱ्या सत्राच्या जानेवारीच्या आठवड्यात पुन्हा मोजणी करावी आणि पहिल्यांदा बदली तासांच्या वहीतला 'आदेशामुळे' हा रकाना पाहावा. ऑक्टोबरला तो २७ होता. जानेवारीतही तो तेवढाच राहिला, तर संस्थाचालकांनी वेळापत्रकाला हात लावू नये. त्या वहीच्या पानांच्या प्रती जोडून, किती वर्गांना किती तास शिक्षक मिळाले नाहीत हे लिहून, आपल्या सहीने शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावं.